मायग्रेशन क्लिअरिंग खात्यातले ९,४६,२५०

जुन्या सिस्टममधून नव्या ईआरपीत, म्हणजे कंपनीचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, शिल्लका आणताना एक मधलं खातं उघडावं लागतं. आमच्याकडे त्याचं नाव होतं ‘मायग्रेशन क्लिअरिंग’. नव्या सिस्टमला प्रत्येक नोंदीच्या दोन्ही बाजू हव्या असतात. म्हणून व्हेंडरची न भरलेली बिलं चढवताना व्हेंडर जमा आणि हे मधलं खातं नावे, बँकेची शिल्लक चढवताना बँक नावे आणि हे खातं जमा, असं करत सगळा ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, आत आणतात. जुना ट्रायल बॅलन्स मुळात जुळलेला असतो, त्यामुळे शेवटची फाइल चढली की हे खातं आपोआप शून्यावर यायला हवं.

आमचं आलं नव्हतं. त्यात ९,४६,२५० नावे शिल्लक राहिली होती. गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टम सुरू करतानाच्या, सही-शिक्क्यांच्या कागदावर त्या ओळीसमोर प्रोजेक्ट टीमने लिहिलं होतं, ‘पहिल्या मंथ-एंडला तपासणे’. आणि पहिला मंथ-एंड माझ्याकडे होता. जनरल लेजर आणि खात्यांचा ताळमेळ ही माझी जबाबदारी.

महिना संपल्यावर पहिल्या दोन दिवसांत मी नेहमीची खाती आधी उरकली. बँकेचा ताळमेळ लागला. व्हेंडरचं कंट्रोल खातं आणि व्हेंडरनिहाय यादी यांची बेरीज जुळली. नव्या सिस्टममधला पहिलाच महिना असून एवढं सुरळीत जातंय म्हणून सगळ्यांना बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फायनान्स हेड सरांनी विचारलं, “ते क्लिअरिंगचं काय? प्रोजेक्टवाले म्हणतायत, इतर खर्चात टाकून द्या. एकूण उलाढालीच्या मानाने रक्कम लहान आहे.”

मी म्हटलं, “सर, रक्कम लहान असेल, पण ती कशाची आहे ते कळल्याशिवाय खर्चात नको. मला आजची संध्याकाळ द्या.”

ते हो म्हणाले. जर्नल तयारच होतं, सिस्टममध्ये पार्क करून ठेवलेलं. फक्त पोस्ट करायचं बाकी होतं. आज मागे वळून पाहताना त्या पार्क केलेल्या जर्नलचीच मला जास्त भीती वाटते. ते एकदा पोस्ट झालं असतं, तर पुढे जे सापडलं ते कायमचं बुजलं असतं.

न जुळणारी रक्कम समोर आली की तिच्याकडे थोडा वेळ नुसतं पाहावं, असं माझं मत आहे. आकडा बरंच सांगतो. हा फरक पूर्ण होता, पैसे-बिसे काही नव्हते. राउंडिंगचा किंवा परकीय चलनाच्या दराचा फरक असता तर शेवटी काहीतरी दशांशाचं शेपूट राहिलं असतं. मग मी अंकांची बेरीज केली: नऊ, चार, सहा, दोन, पाच, शून्य, म्हणजे २६. नवाने भाग जात नाही. दोन शेजारचे अंक उलटे टाइप झाले की फरकाला नवाने नेहमी भाग जातो, तेव्हा एकाच आकड्याची अदलाबदल हा संशय मिटला. निम्मी रक्कम, म्हणजे ४,७३,१२५, चुकीच्या बाजूला पडली असेल का तेही शोधून पाहिलं. त्या रकमेची नोंद कुठेच नव्हती. उरली एकच शक्यता. काही पूर्ण कागद, बिलं किंवा पावत्या, एका फाइलमध्ये होते आणि दुसऱ्या फाइलमध्ये नव्हते.

जुना ट्रायल बॅलन्स आणि नव्या सिस्टमची सुरुवातीची शिल्लक शेजारी शेजारी ठेवून मी खात्यागणिक वजाबाकी केली. सगळीकडे शून्य आलं, एका ओळीत मात्र आलं नाही. ती ओळ होती जीआर-आयआर खात्याची. जुन्या सिस्टममध्ये तिथे ५२,७२,१५० जमा होते आणि नव्यात ६२,१८,४०० जमा चढले होते. फरक नेमका ९,४६,२५०.

हे खातं रोज न वापरणाऱ्यांसाठी थोडं सांगते. जीआर म्हणजे गुड्स रिसीट, मालाची पावती, आणि आयआर म्हणजे इन्व्हॉइस रिसीट, बिल. ऑर्डरवर माल आला की गोदामवाले पावती नोंदवतात. त्या क्षणी माल किंवा खर्च नावे पडतो आणि जीआर-आयआर जमा होतं, कारण माल आला आहे पण बिल अजून नोंदलेलं नाही. पुढे बिल आलं की जीआर-आयआर नावे आणि व्हेंडर जमा. म्हणजे या खात्याची जमा शिल्लक हे ‘माल मिळाला, बिल नोंदायचं आहे’ असं देणं असतं. नव्या सिस्टममध्ये ते जास्त दिसत होतं, याचा अर्थ जुन्या सिस्टमच्या हिशेबात ज्यांची बिलं नोंदून झाली होती अशा काही ऑर्डरी नव्या सिस्टमला अजूनही बिलाची वाट पाहणाऱ्या वाटत होत्या.

इथपर्यंत आल्यावर मला स्वस्थ बसवेना. ती बिलं जुन्या सिस्टममध्ये नोंदली गेली असतील, तर न भरलेल्या बिलांच्या फाइलमधून ती नव्या सिस्टममध्येही आलेली असणार. म्हणजे एकच देणं दोन रूपांत आत आलं होतं. एकदा बिल म्हणून, आणि एकदा ‘बिल यायचं आहे’ म्हणून. दुसऱ्या रूपाला बिल जोडायला कोणी बिलाची प्रत घेऊन आलं, तर सिस्टम ती आनंदाने स्वीकारणार होती.

मी डेटा मायग्रेशन सांभाळणाऱ्याला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, ऑर्डरींची फाइल कधी काढली आणि ट्रायल बॅलन्स कधी काढला. तो म्हणाला, “ऑर्डरींची शुक्रवारी संध्याकाळी पाचला. तिची साफसफाई फार असते ना ताई, म्हणून ती आधी घेतली. ट्रायल बॅलन्स आणि व्हेंडरची उघडी बिलं शनिवारी सकाळी.”

“आणि जुनी सिस्टम बंद कधी केली?”

“शुक्रवारी रात्री नऊला.”

पाच ते नऊ. त्या चार तासांत देयक विभागातली मुलं हाताशी असलेली बिलं जुन्या सिस्टममध्ये उरकत बसली होती, कारण त्यांना तसंच सांगितलेलं होतं. त्यांनी काम चोख केलं. पण ऑर्डरींचं चित्र पाचचं होतं आणि बाकी सगळ्याचं नऊचं.

जुनी सिस्टम आता फक्त वाचायला उघडी होती. त्यात मी शुक्रवारची बिलं मागवली तर भलतीच यादी आली. मी पोस्टिंग डेट लावली होती, आणि आमच्याकडे जुन्या सिस्टममध्ये बिलाला माल आला त्या दिवसाची पोस्टिंग डेट देण्याची पद्धत होती. अशा शोधात पोस्टिंग डेटचा उपयोग नसतो. नोंद प्रत्यक्ष कधी केली, ती एंट्रीची तारीख आणि वेळ लागते. तो रकाना यादीत घेतला, शुक्रवार संध्याकाळ पाचनंतरच्या नोंदी ठेवल्या आणि ऑर्डरला न जोडलेली बिलं, म्हणजे वीज, भाडं वगैरे, काढून टाकली. चार बिलं उरली. करापूर्वीच्या रकमा होत्या ४,२०,०००, ३,१५,७५०, १,२८,५०० आणि ८२,०००. कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. ९,४६,२५०.

जुळलं म्हणून आनंद व्हायचा तो क्षणभरच झाला, कारण पुढचा प्रश्न लगेच उभा राहिला. या चार ऑर्डरींवर गेल्या महिन्याभरात नव्या सिस्टममध्ये कोणी बिल नोंदवलं आहे का?

सगळ्यात मोठी ऑर्डर उघडली. तिच्या इतिहासात दोन ओळी होत्या. पहिली, मायग्रेशनमधून आलेली मालाची पावती, ४,२०,०००. दुसरी, ९ तारखेला नोंदवलेलं बिल, ४,२०,०००, कर धरून ४,६२,०००. दोन्ही जुळून ऑर्डरची जीआर-आयआर शिल्लक शून्य झाली होती. आता त्या व्हेंडरचं खातं उघडलं. मायग्रेशनमधून आलेलं ४,६२,००० चं बिल ५ तारखेच्या पेमेंट रनमध्ये भरलं होतं. ९ तारखेला नोंदलेलं ४,६२,००० चं बिल १९ तारखेच्या रनमध्ये भरलं होतं. दोघांची बिलाची तारीख एकच. व्हेंडरची शिल्लक शून्य.

एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले होते.

मी खुर्चीत मागे टेकले आणि आदल्या दोन दिवसांत हिरवी टिक केलेली खाती एकेक करून आठवली. व्हेंडर खातं शून्य, कारण दोन बिलं आणि दोन पेमेंट. ऑर्डरची जीआर-आयआर शून्य, कारण जास्तीच्या पावतीला जास्तीचं बिल मिळालं होतं. बँक जुळलेली, कारण पैसे खरंच गेले होते. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एकसारख्या दोन रकमाही डोळ्यांत भरल्या नसत्या. ५ तारखेला त्या व्हेंडरची तीन बिलं एकत्र करून एकच मोठी रक्कम गेली होती, १९ तारखेला हे एकटं बिल. दुहेरी पेमेंटचा सगळ्या सिस्टममध्ये एकच ठसा उरला होता, आणि तो पेमेंटपासून खूप दूर, मायग्रेशन क्लिअरिंगच्या नावे बाजूला. तीच रक्कम इतर खर्चात टाकायचं जर्नल तयार होतं.

मग सिस्टमचा दुहेरी बिलाचा इशारा का वाजला नाही, हे पाहायला मी दोन्ही बिलांचे स्क्रीन शेजारी लावले. व्हेंडर कोड तोच. तारीख तीच. रक्कम तीच. बिल क्रमांकाचा रकाना मात्र असा होता:

```
मायग्रेशनमधून आलेलं :  4512
९ तारखेला नोंदलेलं  :  004512
```

व्हेंडरच्या छापील बिलावर क्रमांक `004512` असाच आहे. जुन्या सिस्टममधून निघालेल्या फाइलमध्येही तो तसाच होता, मी मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडून खात्री केली. मधल्या टप्प्यावर ती फाइल कोणीतरी स्प्रेडशीटमध्ये उघडली, दुसराच कुठला तरी रकाना दुरुस्त केला आणि परत सेव्ह केली. स्प्रेडशीटला `004512` हा आकडा वाटला, त्याने पुढची शून्यं टाकून दिली. आमच्या सिस्टममधली तपासणी व्हेंडर, तारीख, रक्कम आणि बिल क्रमांक हे चारही तंतोतंत सारखे असतील तरच अडवत होती. तिच्या दृष्टीने ही दोन वेगळी बिलं.

ज्या मुलाने ९ तारखेला बिल नोंदवलं त्याला मी बोलावलं. तो आधीच घाबरलेला होता. मी त्याला म्हटलं, “तुझी चूक शोधत नाहीये. तू नोंद करताना काय काय पाहिलंस तेवढं सांग.”

त्याने सांगितलं. बिल नव्या ईमेल पत्त्यावर आलं होतं. बिलावरचा क्रमांक टाकून त्याने व्हेंडर खात्यात शोधलं, `004512` सापडलं नाही. ऑर्डर उघडली, माल आलेला दिसला, बिल बाकी दिसलं. नग जुळले, दर जुळला. ऑर्डर, पावती आणि बिल तिन्ही जुळल्यावर त्याने पोस्ट केलं. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. तीन कागद जुळवण्याच्या तपासणीवर आपण फार विसंबतो. ती तपासणी एवढंच सांगते की या ऑर्डरवर अजून बिल घ्यायला जागा आहे. ती जागा मायग्रेशनने चुकून मोकळी दाखवली असेल, तर तिन्ही कागद अगदी व्यवस्थित जुळतात.

“पण व्हेंडरने बिल परत पाठवलं का?” मी विचारलं.

“आपणच मागितलं ना ताई. गो-लाइव्हचं पत्र गेलं होतं सगळ्यांना. ज्यांचे पैसे आले नसतील त्यांनी बिलं नव्या पत्त्यावर पाठवावीत.”

ते पत्र मी वाचलं. हेतू चांगला होता, रस्त्यात अडकलेलं बिल हरवू नये. पण त्या एका वाक्याने जुन्या सिस्टममध्ये आधीच नोंदलेली बिलंसुद्धा परत बोलावली होती.

इकडे घड्याळात साडेपाच होत आले होते आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पुढचा पेमेंट रन होता. उरलेल्या तीन ऑर्डरी मी घाईने उघडल्या. ३,१५,७५० च्या ऑर्डरवरही दुसरं बिल नोंदलेलं होतं. इथे पैसे गेले नव्हते. मायग्रेशनमधलं आणि नवं, दोन्ही बिलांची मुदत एकाच दिवशी भरत होती आणि उद्याच्या पेमेंटच्या प्रस्तावात दोन्ही होती. कर धरून ३,४७,३२५ च्या दोन ओळी, एकाच व्हेंडरखाली, बेरीज ६,९४,६५०. इथेही बिल क्रमांकाची पुढची शून्यं गेलेली. मी तिथल्या तिथे दुसऱ्या बिलावर पेमेंट ब्लॉक लावला आणि ट्रेझरीच्या मॅडमना फोन करून प्रस्ताव नव्याने काढायला सांगितला. प्रस्ताव आधीच तयार झालेला असेल तर नुसता ब्लॉक लावून भागत नाही, त्यात ती ओळ तशीच राहू शकते. त्यांनी जुना प्रस्ताव रद्द केला, नवा काढला, मला स्क्रीन दाखवला. त्यात एकच ओळ होती.

उरलेल्या दोन ऑर्डरींवर नवं बिल आलेलं नव्हतं. मायग्रेशनमधली बिलं आपापल्या मुदतीने भरली जाणार होती किंवा भरली गेली होती. पण दोन्ही ऑर्डरी ‘बिल बाकी’ दाखवत उभ्या होत्या, आणि उद्या कोणी प्रत पाठवली असती तर त्याही गेल्या असत्या.

सरांच्या केबिनमध्ये मी चार ओळींचा एक कागद घेऊन गेले. त्यांनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी स्वतःच पार्क केलेलं जर्नल उघडलं आणि डिलीट केलं. “आता मला सांगा, हे एवढंच आहे की आणखी कुठे आहे?”

प्रश्न बरोबर होता. क्लिअरिंगचा फरक चार बिलांनी पूर्ण भरून निघत होता, त्यामुळे या कारणाने झालेलं आणखी काही नव्हतं. पण पुढची शून्यं गेलेली बिलं त्या चारापुरती नव्हती, सगळ्या फाइलभर होती. दुसऱ्या एखाद्या वाटेने, समजा ऑर्डर नसलेलं सेवेचं बिल असेल, तर क्लिअरिंगला धक्काही न लागता ते दोनदा नोंदलं जाऊ शकत होतं. तिथे जास्तीचा खर्च थेट खर्चाच्या खात्यात बसतो. म्हणून मी महिन्याभरातली सगळी बिलं आणि मायग्रेशनमधून आलेली सगळी बिलं एका यादीत घेतली. अ रकान्यात व्हेंडर, ब मध्ये बिल क्रमांक, क मध्ये बिलाची तारीख, ड मध्ये करासह रक्कम. बिल क्रमांकावर विश्वास उरलेला नव्हता, म्हणून तो तुलनेतून मुद्दाम वगळला:

```
=COUNTIFS(A:A,A2,C:C,C2,D:D,D2)
```

उत्तर एकापेक्षा जास्त आलं त्या ओळी वेगळ्या काढल्या. यादी फार लांब नव्हती. त्यात आपली दोन बिलं होतीच. बाकीच्या जोड्या खऱ्या निघाल्या. एकाच दिवशी एकाच दराने दोन खेपा आल्या होत्या आणि प्रत्येक खेपेचं वेगळं डिलिव्हरी चलन होतं. प्रत्येक जोडीचं चलन उघडून पाहिल्याशिवाय मी ती खरी मानली नाही. रक्कम आणि तारीख सारखी असणं हा फक्त संशय असतो.

या सूत्रात एक भोक राहतं. एकच व्हेंडर दोन कोडांनी सिस्टममध्ये असेल तर ते काही पकडत नाही. मायग्रेशनमध्ये असं बऱ्याचदा होतं. जुन्या दोन शाखांचे दोन कोड तसेच्या तसे आत येतात. म्हणून तीच यादी पुन्हा एकदा, अ रकान्यात व्हेंडर कोडाऐवजी बँक खात्याचा क्रमांक घालून चालवली. पैसे शेवटी जातात बँक खात्यात, कोडात नव्हे. एका खात्यावर दोन कोड असलेले व्हेंडर सापडले, ते व्हेंडरची मूळ माहिती सांभाळणाऱ्या मास्टरवाल्यांकडे दिले. पण त्यात दुहेरी बिल नव्हतं. हे करताना बँक खात्याच्या क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून आणायला आणि प्रत्येक क्रमांकाआधी एखादं अक्षर जोडायला मात्र विसरू नये. लांबलचक क्रमांक आकडा म्हणून उघडला तर स्प्रेडशीट पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करून टाकते, आणि अक्षर जोडलेलं नसेल तर `COUNTIFS` मजकुरालाही आकडा समजून तुलना करतं, मग वेगळी खाती सारखी दिसू लागतात.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी केली. क्रम महत्त्वाचा होता. आधी दोन्ही जास्तीची बिलं उलटवली. पहिल्या बिलामुळे व्हेंडरच्या खात्यात ४,६२,००० नावे आले, म्हणजे त्याच्याकडून येणं, आणि बिलाबरोबर घेतलेली ४२,००० ची करवजावटही परत गेली. ती आपण दोनदा घेऊन बसलो होतो, आणि महिन्याचं कराचं विवरण अजून भरायचं होतं ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. दुसऱ्या बिलाचे पैसे गेलेले नसल्याने ते उलटवताच व्हेंडरकडे एकच बिल उरलं. बिलं उलटवली की दोन्ही ऑर्डरींची जीआर-आयआर शिल्लक परत उघडी पडली, आणि आधीपासून उघड्या असलेल्या दोन धरून बेरीज पुन्हा ९,४६,२५० झाली.

ही शिल्लक हाताने जर्नल मारून घालवायची नाही. जर्नलने खात्याची एकूण शिल्लक सुधारते, पण ऑर्डरच्या ओळीवर ‘बिल बाकी’ तसंच राहतं, म्हणजे धोका जिथल्या तिथे. जीआर-आयआर बंद करण्याची सिस्टमची स्वतःची प्रक्रिया असते, ती ऑर्डरच्या ओळीला धरून चालते आणि ओळ बंद करते. त्यात एक गोम आहे. सिस्टम समजते की बिल कधीच येणार नाही, म्हणून दुसरी बाजू ती साठ्याच्या, दरफरकाच्या किंवा खर्चाच्या खात्यात जमा करते. आमच्या बाबतीत माल खरोखर आलेला होता आणि त्याचं बिलही खरं होतं, तेव्हा तिथे जमा पडणं चूक होतं. ती जमा मी वेगळ्या नोंदीने तिथून उचलून मायग्रेशन क्लिअरिंगला नेली. चारही ओळींचं हे झाल्यावर क्लिअरिंग खातं उघडलं तेव्हा शिल्लक शून्य दिसली, आणि जीआर-आयआरची सुरुवातीची शिल्लक जुन्या ट्रायल बॅलन्सशी जुळली.

४,६२,००० चं येणं ताळेबंदात कुठे दाखवायचं यावर थोडी चर्चा झाली. व्हेंडरच्या एकूण देण्यातून ते वजा होऊन दिसत होतं. मी आग्रह धरला की ते वेगळं काढून इतर येण्यांत दाखवू. देण्यांच्या मोठ्या आकड्यात ते विरघळून गेलं तर पुढच्या महिन्यात त्याची आठवण कोणी करून देणार नाही. सरांना पटलं.

व्हेंडरच्या हिशेबनीसाला मी स्वतः फोन केला. मनात शंका होती की तो नाही म्हणेल, वाद घालेल. मी बिल क्रमांक सांगितला, दोन्ही पेमेंटच्या तारखा सांगितल्या. पलीकडून क्षणभर काही नाही, मग तो म्हणाला, “हो मॅडम, ती १९ तारखेची रक्कम आमच्याकडे ऑन अकाउंट पडून आहे. कुठल्या बिलाची ते कळेना. मी ईमेल केला होता तुम्हाला.”

कोणत्या पत्त्यावर, विचारलं. जुन्या. तो पत्ता गो-लाइव्हच्या दिवशीच बंद झाला होता, पण पाठवणाऱ्याला तसं कळवणारं उत्तर लावलेलं नव्हतं. त्याचा प्रश्न तसाच पडून राहिला. त्याने माझ्या पत्त्यावर तो ईमेल पुन्हा पाठवला, सोबत आमच्या नावाचा त्याच्याकडचा खातेउतारा. त्यात ४,६२,००० आमच्या जमेला, बिलाशी न जोडलेले. मला हवा होता तो पुरावा हाच. दोन्ही पुस्तकं आता एकच गोष्ट सांगत होती.

त्याने पुढच्या बिलांत वळतं करून घ्या असं सुचवलं. मी पैसे परत मागितले. त्यांच्या उघड्या ऑर्डरी छोट्या होत्या, वळतं व्हायला कित्येक महिने गेले असते आणि प्रत्येक वेळी देयक विभागाला ते लक्षात ठेवावं लागलं असतं. त्याने साहेबांना विचारून कळवतो म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात रक्कम आमच्या बँकेत आली. ती व्हेंडरच्या नावे शिल्लकेसमोर लावून खातं मोकळं केलं.

आणखी तीन गोष्टी त्या मंथ-एंडनंतर लगेच करून घेतल्या. मायग्रेशन क्लिअरिंग खात्यावर पोस्टिंग बंद केलं, म्हणजे आता कोणाला तिथे काही टाकताही येत नाही आणि काढताही येत नाही. दुहेरी बिलाच्या तपासणीत व्हेंडर, तारीख आणि रक्कम सारखी असली की बिल क्रमांक वेगळा असला तरी इशारा दाखवायची सोय बसवली. तो अडवत नाही, थांबून पाहायला लावतो, कारण खऱ्या जोड्या असतातच. आणि मायग्रेशनमधून आलेली जी बिलं अजून भरायची होती, त्यांचे क्रमांक देयक विभागाने मूळ बिलं समोर ठेवून दुरुस्त केले. हे काम कंटाळवाणं होतं आणि त्या मुलाने ते मागून घेतलं.

दुसरी एक कंपनी पुढच्या टप्प्यात याच सिस्टमवर येणार आहे. तिच्या कटओव्हरच्या, म्हणजे जुन्या सिस्टमवरून नव्या सिस्टमवर जाण्याच्या, बैठकीत मी एकच मागणी लिहून दिली: ऑर्डरींची फाइल साफसफाईसाठी हवी तितक्या आधी काढा, पण जुनी सिस्टम बंद झाल्यावर ती पुन्हा काढा, आणि चढवण्याआधी तिच्यातल्या जीआर-आयआरची बेरीज ट्रायल बॅलन्सच्या जीआर-आयआरशी लावून दाखवा. डेटा मायग्रेशनवाल्याने विचारलं, फरक आला तर? मी म्हटलं, तर ऑर्डरी चढवायच्या नाहीत, आधी फरकाची बिलं शोधायची. त्याने ते कटओव्हरच्या यादीत घातलं आणि त्या ओळीसमोर सहीसाठी माझं नाव टाकलं.